वेळापत्रकातली हिरवी वायर

मंगळवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ टाकायचा आणि पावणेसहाला टायटलचा पत्ता नाही, हे मिक्सरताईच्या घरी दर आठवड्याला ठरलेलं होतं. मिक्सरताई हे तिचं नाव नव्हे. चॅनेल बघणाऱ्या लोकांनी तिला ठेवलेलं, आणि हळूहळू घरच्यांच्याही तोंडी बसलेलं. मागच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल, त्यावर मल्टिमीटर, चार स्क्रू ड्रायव्हर, जुन्या टोपाचा केलेला दिव्याचा डोम आणि स्टँडला बांधलेला मोबाईल. त्या टेबलावर ती मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडायची, काय बिघडलंय ते दाखवायची आणि दुरुस्त करायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याला तीन व्हिडिओ. शूटिंग, कटिंग, बोलणं, सगळं तिचं तीच करायची, मदतीला माणूस नव्हता.

मिक्सर उघडायला तिला कधी कंटाळा आला नाही. पण व्हिडिओ तयार झाल्यावर जे काही लिहावं लागतं, त्याने तिच्या नाकी नऊ यायचे. टायटल लिहा, खाली डिस्क्रिप्शन लिहा, टॅग टाका, चॅप्टर पाडा, सबटायटल तपासा, प्लेलिस्टमध्ये घाला. या सगळ्याला मिळून मेटाडेटा म्हणतात. तिच्या मते हे नाव ज्याने ठेवलं त्याला घरात दुसरं काम नसणार. इतकं करून लोक पहिल्या दोन ओळींच्या खाली वाचत नाहीत ते नाहीतच.

त्या मंगळवारी तर कहर झाला. सासूबाई दारात उभ्या राहून टायटल सुचवत होत्या आणि नवरा डेपोतून येऊन बूट काढता काढता त्या टायटलमध्ये सुधारणा करत होता. सहा वाजून गेले, साडेसहा झाले. शेवटी तिने मागच्या आठवड्याचं डिस्क्रिप्शन उचलून तसंच चिकटवलं, आणि पंख्याच्या व्हिडिओखाली मिक्सरच्या ब्लेडची माहिती गेली. पहिल्या पाच मिनिटांत एकाने खाली लिहिलं, "ताई, पंख्याला ब्लेड धार लावून बसवायची का?"

"मला हे बंद करायचंय," ती म्हणाली. "दुकानात बसते आपली तुमच्या भावाच्या. निदान तिथे टायटल तरी द्यावं लागत नाही."

हे ती दर मंगळवारी म्हणायची. या वेळी मात्र ती मोबाईल उलटा ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली, तेव्हा नवऱ्याने ते मनावर घेतलं.

नवरा बस डेपोत ड्युट्या लावायचा. कुठली गाडी किती वाजता निघेल, ड्रायव्हर कुठे चहा पिईल आणि परत कधी येईल, हे ठरवण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. घरातसुद्धा त्याला मोकळा वेळ दिसला की तो कुठे तरी बसवावा असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डेपोतल्या जुन्या ड्युटी शीटच्या मागच्या बाजूला तिच्या मेटाडेटाचं आठवड्याचं वेळापत्रक आखून आणलं. रेघा पट्टीने मारलेल्या. ती बघूनच भडकली, कारण त्यात तिचं नाव 'चालक' या रकान्यात होतं.

पण वाचायला लागल्यावर तिचा राग थोडा खाली आला. नवऱ्याने आधी तिला विचार विचार विचारलं होतं आणि तिने वैतागून जे जे सांगितलं होतं ते सगळं जागेवर होतं. रविवारी सकाळी अर्धा तास, लोक शोधताना काय टाइप करतात ते बघायला आणि मागच्या आठवड्याच्या कमेंट चाळायला. मग पाऊण तास टायटलसाठी, म्हणजे एका व्हिडिओला पंधरा मिनिटं. त्यात तीन टायटल लिहायची, एक ठेवायचं, आणि थंबनेलवरचे, म्हणजे यादीत दिसणाऱ्या छोट्या चित्रावरचे, शब्दही तेव्हाच ठरवायचे. टायटलमधलेच शब्द थंबनेलवर पुन्हा लिहायचे नाहीत. मग अर्धा तास डिस्क्रिप्शनला. पहिल्या दोन ओळी प्रत्येक व्हिडिओच्या स्वतंत्र, खालचा ठरलेला मजकूर एकदाच साठवून ठेवलेला. टॅगना तिन्ही मिळून पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण त्यांचा उपयोग तसाही बेताचाच. हे झालं रविवारचं.

व्हिडिओच्या दिवशी, कटिंग पूर्ण झाल्यावर, दहा मिनिटं चॅप्टरना, वीस मिनिटं आपोआप आलेली सबटायटल दुरुस्त करायला, आणि दहा मिनिटं प्लेलिस्ट, शेवटचा स्क्रीन आणि वर अडकवून ठेवायची कमेंट यांना. सोमवारी वीस मिनिटं आकडे बघायला, आणि बघून झाल्यावर जास्तीत जास्त एकाच व्हिडिओचं टायटल बदलायचं. दर दोन तासांनी नाही. हे शेवटचं वाक्य नवऱ्याने लाल पेनाने लिहिलं होतं.

सगळं मिळून आठवड्याला चार तास दहा मिनिटं होत होती. याआधी तिचे किती जायचे हे तिने कधी मोजलं नव्हतं, पण त्याच्या दुप्पट तरी नक्कीच. आणि तेही तोंडाला फेस येईपर्यंत.

वेळापत्रक चाललं, हे कबूल करायला हवं. पहिले दोन आठवडे तिने तोंड वाकडं करून पाळलं. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ लागला आणि ती सव्वासहाला चहा पीत बसली होती. सासूबाईंना ते इतकं विचित्र वाटलं की त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

सवय झाली की माणसाला त्यात आणखी वाचवायचा मोह होतो. तिच्या लक्षात आलं, की रविवारी एकदा हात बसला की तिन्ही कामं भराभर होतात. मग चॅप्टर तरी दर व्हिडिओच्या दिवशी वेगळे कशाला? शनिवारपर्यंत तिन्ही व्हिडिओंचं कच्चं कटिंग झालेलं असतंच. त्याच्यावरूनच वेळा बघून रविवारी तिन्हींचे चॅप्टर एकदम लिहिले तर तीस मिनिटांचं काम बारा मिनिटांत होतं. तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की जणू दुसऱ्या डेपोने त्याच्या डेपोला गाडी उसनी दिली. अठरा मिनिटं वाचली. त्याने वेळापत्रकात खोडून दुरुस्ती केली आणि खाली सहीसुद्धा केली.

चॅप्टर म्हणजे काय, तर डिस्क्रिप्शनमध्ये वेळ आणि त्यापुढे नाव लिहायचं. सुरुवात शून्यापासून करायची. मग व्हिडिओखालची पट्टी तुकड्यांत विभागली जाते, आणि बघणारा हव्या त्या नावावर बोट ठेवून थेट तिथे पोचतो. मिक्सरताईच्या बघणाऱ्यांना ते फार सोयीचं होतं. हातात उघडी इस्त्री असताना कोण अख्खा व्हिडिओ बघणार?

त्या आठवड्यातला गुरुवारचा व्हिडिओ इस्त्रीचा होता. जुन्या पद्धतीची जड इस्त्री, तिची जळालेली वायर बदलायची. रविवारी तिने चॅप्टर लिहिले. प्लग काढून इस्त्री थंड होऊ देणं, मागचं झाकण उघडणं, दोन मुख्य वायरी जोडणं, चार मिनिटं दहा सेकंदांवर हिरवी वायर बॉडीला जोडणं, आणि मग झाकण लावून तपासणी. हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. जुन्या इस्त्रीच्या लोखंडी अंगात कधीकधी थोडा करंट उतरतो, तो हिरवी वायर जमिनीत घेऊन जाते. ती नसेल तर तो इस्त्री धरणाऱ्याच्या हातातून जातो. हे तिने व्हिडिओत चांगलं चाळीस सेकंद, दोनदा सांगून, समजावलं होतं.

गुरुवारी दुपारी सासूबाईंनी व्हिडिओ पाहिला. व्हिडिओ जाण्याआधी तो त्या नेहमीच बघायच्या आणि काही ना काही खोट काढल्याशिवाय उठायच्या नाहीत. या वेळी त्या म्हणाल्या, की सुरुवातीला किती बोलतेस, इस्त्री हातात घ्यायला एक मिनिट लावतेस, तोवर माणूस उठून जातो. त्यांच्या बोलण्यात तथ्य असलं की तिचा जास्त तिळपापड व्हायचा. तिने कुरकुरत सुरुवातीची पन्नास सेकंदं कापली. सबटायटल तपासली, प्लेलिस्टमध्ये घातला. चॅप्टर? ते तर रविवारीच झालेले होते. सहाला व्हिडिओ लागला.

आणि तो चालला. शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा आकडा बघून तिला आधी वाटलं आपण चष्मा लावलेला नाही. तीन वर्षांत तिचा एकही व्हिडिओ असा पळाला नव्हता. 'इस्त्रीची वायर घरीच बदला' या सरळ साध्या टायटलवर पंधरा मिनिटं घालवली होती त्याचं चीज झालं, असं नवरा म्हणाला. तो डेपोतून दर तासाला फोन करून आकडा विचारत होता. ड्रायव्हर लोकांना दाखवला म्हणे. सासूबाई तर त्या कापलेल्या पन्नास सेकंदांचं श्रेय घेऊन घरभर फिरत होत्या.

शनिवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन कमेंट वाचत बसली. कौतुकाच्या दोनेकशे कमेंट, त्यात तिला एक दिसली. लिहिणारीने स्वतःला 'कडक घडी' म्हणवून घेतलेलं होतं, चित्र म्हणून घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा. ती घरोघरचे कपडे इस्त्री करून देणारी बाई, हे आधीच्या कमेंटांवरून मिक्सरताईला माहीत होतं. तिने लिहिलं होतं: "ताई, तुमच्यामुळे वायर माझी मीच बदलली. तुम्ही हिरवी वायर कुठे जोडली नाही म्हणून मीपण ती कापून टाकली. कालपासून काम जोरात चालू आहे. खूप आभार."

मिक्सरताईचं डोकंच फिरलं. जोडली नाही काय? चाळीस सेकंद घसा कोरडा करून सांगितलं, बोट ठेवून दाखवलं, आणि ही बाई म्हणते जोडली नाही. लोक बघतात तरी काय? तिने तावातावाने उत्तर लिहायला घेतलं, की जरा नीट बघत चला, हिरवी वायर जोडणं असा वेगळा चॅप्टरच दिलेला आहे. तो चॅप्टर नेमका कितव्या मिनिटाला आहे हेही लिहावं, म्हणून तिने स्वतःच त्यावर बोट ठेवलं.

समोर झाकण लागत होतं. आवाज तिचाच, आणि तिचेच हात शेवटचा स्क्रू फिरवत होते. हिरवी वायर नव्हतीच.

तिने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच झाकण. पन्नास सेकंदं पुढून कापलेली, म्हणजे सगळा व्हिडिओ पन्नास सेकंदांनी अलीकडे आला, आणि रविवारी लिहिलेल्या वेळा होत्या तिथेच राहिल्या. हिरवी वायर आता तीन मिनिटं वीस सेकंदांवर होती आणि चार मिनिटांवर संपत होती. म्हणजे ती आधीच्या, मुख्य वायरींच्या तुकड्याच्या शेवटी जाऊन बसली होती. चॅप्टर धरून जाणारा माणूस मुख्य वायरी जोडून झाल्या की पुढच्या नावावर बोट ठेवणार आणि थेट झाकणावर पोचणार. तिने दिलेल्या रस्त्याने गेलेल्याला हिरवी वायर लागतच नव्हती.

तिने अर्धवट लिहिलेलं ते रागाचं उत्तर खोडलं. स्वतःची इतकी चीड तिला क्वचितच आली असेल.

चॅप्टर दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं. ती वेळा बदलत होती आणि मनात दुसरंच चाललं होतं, की ती बाई आत्ता या क्षणी इस्त्री करत असेल. शनिवार आहे, कपड्यांचा दिवस. तिने कमेंटला उत्तर लिहिलं: इस्त्री लगेच बंद करा, प्लग काढा, हिरवी वायर बॉडीच्या स्क्रूला जोडल्याशिवाय हात लावू नका, चूक माझी आहे. मग तीच गोष्ट सगळ्यांत वर अडकवून ठेवली. मग बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही.

कमेंट करणाऱ्याला फोन लावता येत नाही. त्याचा नंबर नसतो, पत्ता नसतो, नावसुद्धा नसतं, नुसता चादरींचा गठ्ठा असतो. उत्तर लिहायचं आणि समोरचा कधी तरी बघेल अशी आशा करायची. तिने कमेंट पुन्हा खालपर्यंत चाळल्या. हिरवी वायर सोडून दिलेले आणखी तिघं निघाले. त्या तिघांनाही लिहिलं. एकाचं उत्तर लगेच आलं. बाकीच्यांचं नाही.

नवरा शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी आला, तो आकडा विचारतच. तिने त्याला काय झालं ते सांगितलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, की चॅप्टर तर दुरुस्त केलेस, कमेंटही वर अडकवलीस, आता आणखी काय करणार?

"टायटल बदलते."

"कसलं?"

"इस्त्रीची हिरवी वायर कापली असेल तर इस्त्री बंद ठेवा. असं. आणि थंबनेलवर दुसरं काही नाही, नुसती हिरवी वायर."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, की अगं, तीन वर्षांनी एक व्हिडिओ पळतोय, तो त्या टायटलवर पळतोय. हे असलं टायटल लावलंस तर नवीन माणूस कशाला बोट लावेल? सोमवारपर्यंत तरी थांब, आकडे बघून बदलायचं असं आपलं ठरलेलं आहे.

"तुमचं ठरलेलं आहे," ती म्हणाली. "नवीन माणूस नाही आला तर चालेल. ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासमोर तो पुन्हा आला तर त्यांनी टायटल वाचून इस्त्री बंद करायला हवी. ती बाई कमेंट वाचेलच असं नाही. यादीत दिसणारं टायटल तरी वाचेल."

"तिच्यासमोर तो पुन्हा येईलच कशावरून?"

तिने टायटल बदललं. थंबनेल बदललं. मग टेबलावर तीच इस्त्री ठेवून एक मिनिटाचा व्हिडिओ काढला. तोंड न धुता, केस न विंचरता, नमस्कार न करता. त्यात फक्त हिरवी वायर कुठली, कुठे जोडायची, आणि जोडली नसेल तर काय होतं, एवढंच. त्या शनिवारसाठी ठरलेला पंख्याचा नवा व्हिडिओ, तयार टायटल-डिस्क्रिप्शनसकट, तिने बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी सहाला हा लावला. लावल्यावर मोबाईल घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि बघणारा बघतो तसा तो पूर्ण पाहिला. आपला व्हिडिओ लागल्यानंतर आपण कधी बघतच नाही, हे तिला तेव्हा कळलं. वेळापत्रकात ते कामच नव्हतं.

नवऱ्याने पेन काढून वेळापत्रकात शेवटी ते लिहिलं. व्हिडिओ लागल्यावर दुसऱ्या फोनवर प्रत्येक चॅप्टर दाबून बघणे, दहा मिनिटं. आणि चॅप्टर पुन्हा कटिंगनंतर. ही मिनिटं कुठून काढू असं त्याने विचारलं. ती म्हणाली, कुठूनही काढा, माझ्या झोपेतून काढा, पण मला आता काही विचारू नका. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, की मीच पन्नास सेकंदं कापायला लावली. त्यांच्यावर खापर फोडायची ही चांगली संधी होती. पण तिच्यात तेवढाही जीव उरला नव्हता. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं. कापल्यावर बघायचं काम माझं होतं."

रविवारी व्हिडिओचा वेग पडायला लागला. टायटल बघून लोक पुढे जात होते, नवरा म्हणाला तसंच. नवरा दर तासाला आकडे उघडून बघत होता. त्याला ते जड जात होतं हे तिला दिसत होतं. तिने मात्र दिवसभर आकडे उघडले नाहीत. ती फक्त त्या एका कमेंटखाली पुन्हा पुन्हा जात होती. कडक घडीने काही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलेलं तेच, काम जोरात चालू आहे, खूप आभार.

सोमवारी सकाळी आकड्यांची वीस मिनिटं होती. ती टेबलाशी बसली. नवरा दारात डबा घेऊन उभा होता, निघायचं सोडून. आकडे उघडायच्या आधी तिने सवयीने कमेंट उघडल्या आणि तिथे कडक घडीचं उत्तर होतं. पहाटे कधी तरी लिहिलेलं.

"ताई, हिरवी वायर जोडली. आता हाताला मुंग्या येत नाहीत. मला वाटलं वायर नवीन आहे म्हणून येत असतील, होतील कमी. म्हणून रबरी चप्पल घालून करत होते. तुम्ही कशाला मनाला लावून घेता, तुमच्यामुळे माझं काम थांबलं नाही."

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. नवरा विचारत होता काय झालं, उत्तर आलं का, बरी आहे का ती.

तिने फोन त्याच्या हातात दिला. "बरी आहे," ती म्हणाली. "आभार मानतेय माझे."

त्याने वाचलं आणि फोन टेबलावर ठेवला. डेपोला उशीर होत होता, पण तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.